सात पात्रांत गर्दीचा फलाट: लूप, ताल आणि एकदाच घडणाऱ्या गोष्टी

प्रश्न: आमचा तीन जणांचा टूडी स्टुडिओ आहे. एका भागात गर्दीच्या रेल्वे फलाटावरचा दीड मिनिटाचा प्रसंग आहे. सहा पात्रं काढली, त्यांच्या चालण्याच्या आणि उभं राहण्याच्या सायकल केल्या आणि प्रती पसरवल्या. पण सगळं कवायतीसारखं दिसतंय. आणखी पात्रं काढायला वेळ नाही. किती पात्रं आणि किती लूप पुरतात? आणि शेवटी गाडी येते तेव्हा सगळी गर्दी वळून बघते, ते लूपमध्ये कसं बसवायचं?

उत्तर:

कवायत हा शब्द तुम्ही नेमका वापरलात, आणि दुखणंही त्यातच आहे. कवायतीतली माणसं वेगवेगळ्या चेहऱ्यांचीच असतात. ती एकसारखी दिसतात कारण त्यांचे पाय एका ठेक्यावर पडतात आणि सगळे सरळ रेषेत जातात. मागच्या गर्दीतले चेहरे प्रेक्षक वाचत नाही. त्याचं लक्ष मुख्य पात्रावर असतं आणि गर्दी त्याला डोळ्याच्या कडेने दिसत असते. तिथे चेहरा ओळखू येत नाही, पण हालचालीचा ताल लगेच जाणवतो. म्हणून आणखी सहा पात्रं काढलीत तरी कवायत मोडणार नाही, फक्त बारा जणांची होईल. सहा-सात पात्रं पुरतात. वेळ खर्च करायचा तो तालावर आणि जागांवर.

काही गोष्टी तुमच्या प्रसंगावर अवलंबून आहेत. मी असं धरून चालते की सेकंदाला 24 फ्रेम आहेत, प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकतं आणि कॅमेरा बहुतेक स्थिर आहे किंवा हळूच सरकतो. कॅमेरा माणसांच्या उंचीवरून गर्दीत शिरत असेल, चेहऱ्यांच्या जवळून जात असेल, तर माझं गणित लागू नाही. त्या शॉटसाठी चार-पाच माणसं वेगळीच, पूर्ण काढावी लागतात. तुम्ही रिग वापरता की चित्रं हाताने काढता, यानेही दिवस बदलतात. पण खाली जे सांगते ते दोन्हीकडे चालतं, कारण ते सगळं वेळेचं आणि जागेचं आहे.

आम्ही केलेला असाच एक प्रसंग घेऊन सांगते. स्टेशनच होतं, नऊ शॉट होते आणि त्यातला सगळ्यात जड शॉट 11 सेकंदांचा, म्हणजे 264 फ्रेमचा, संपूर्ण फलाट दाखवणारा होता. पहिल्यांदा आम्हीही पात्रांपासून सुरुवात केली होती आणि तीच चूक होती. दुसऱ्या खेपेला ॲनिमॅटिक समोर ठेवून प्रत्येक शॉटमध्ये माणसं मोजली. मोठ्या शॉटमध्ये 58 माणसं होती. त्यातली 26 लांबवर, पुलाच्या जिन्याजवळ. ती चार घोळक्यांत रंगवून टाकली आणि दोन घोळके अगदी संथ सरकवले, बस. जवळची 8 जण पाठमोरी किंवा कडेला अर्धी कापलेली होती, त्यातली तीनच हलत होती. उरली मधल्या पट्ट्यातली 24. खरी गर्दी ती. त्यातली 9 चालणारी आणि 15 उभी किंवा बसलेली, आणि या 15 मधली 6 जण पूर्ण शॉटभर एकाच चित्रात स्थिर राहिली. कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण फलाटावर थांबलेली माणसं खरोखरच फार हलत नाहीत. म्हणजे 58 माणसांच्या शॉटमध्ये नीट हालचाल लागली ती मधल्या पट्ट्यातल्या 18 जणांना. ही मोजणी तुम्ही अजून केली नसेल तर आधी ती करा. तुमच्या फलाटावर सगळेच सतत हलत असतील तर कवायत वाटण्याचं अर्धं कारण तेच आहे.

पात्रं आम्ही सात ठेवली. ती निवडताना चेहऱ्यापेक्षा बाह्याकृतीचा विचार केला: एक उंच सडपातळ, एक बुटका रुंद, एक वाकलेली म्हातारी, एक लहान मूल, एक कडेवर बाळ घेतलेली बाई, एक डोक्यावर सामान घेतलेला आणि एक साधारण बांध्याचा, ज्याला कोणतंही डोकं लावता येईल असा. सगळ्यांना काळ्या रंगात भरून बघायचं. काळ्या आकृतीत दोन पात्रं सारखी वाटली तर ती पडद्यावरही सारखीच वाटतात, कपड्यांचा रंग कितीही बदला. रंग बदलणं स्वस्त आहे म्हणून सगळे तेच करतात, पण मधल्या पट्ट्यात रंगापेक्षा खांद्यावरची पिशवी, टोपी, छत्री किंवा बगलेतलं गाठोडं जास्त काम करतं, कारण त्याने बाहेरची रेषा बदलते.

आता उभ्या माणसांचे लूप. इथे एक पद्धत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे. प्रत्येक पात्राची एक मूळ मुद्रा ठरवायची आणि त्या पात्राची उभ्याने होणारी प्रत्येक हालचाल त्याच मुद्रेतून सुरू होऊन त्याच मुद्रेत संपवायची. मग लूप हे मण्यांसारखे होतात, कोणत्याही क्रमाने ओवता येतात. एकच लांब लूप पुन्हापुन्हा लावण्याऐवजी मूळ लूप दोनदा, मग एक बदल, मग पुन्हा मूळ लूप, असा क्रम लावता येतो. आणि शेजारच्या प्रतीला दुसरा क्रम.

मूळ लूपला फार चित्रं लागत नाहीत. आमच्या सडपातळ माणसाचा लूप 62 फ्रेमचा होता आणि त्यात फक्त पाच चित्रं होती. पहिलं चित्र, म्हणजे मूळ मुद्रा, 22 फ्रेम. मग वजन दुसऱ्या पायावर टाकण्याची दोन मधली चित्रं, प्रत्येकी 2 फ्रेम. चौथं चित्र, वजन टाकून झालेलं, 18 फ्रेम. परत येताना तीच मधली चित्रं उलट्या क्रमाने, पुन्हा 2 आणि 2. मूळ मुद्रा 10 फ्रेम. शेवटी पापणी मिटलेलं पाचवं चित्र 4 फ्रेम. बेरीज 62. यात 50 फ्रेम माणूस एकाच जागी थांबलेला आहे, आणि ते थांबणंच त्याला जिवंत ठेवतं. नवशिके लूप करताना अंग सतत वरखाली डोलवत ठेवतात. एका माणसाला ते खपतं. पंधरा माणसांना लावलं की सगळा फलाट पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो.

62 हाच आकडा का, हे सांगायला हवं, कारण तुमच्या अडचणीचं मूळ बहुधा इथे आहे. लूप करताना हात आपोआप 24, 48, 72 असे गोल आकडे निवडतो. 48 आणि 72 फ्रेमचे दोन लूप दर 144 फ्रेमनी, म्हणजे दर 6 सेकंदांनी, पुन्हा त्याच जोडीने सुरू होतात. 11 सेकंदांच्या शॉटमध्ये तोच क्षण प्रेक्षकाला पुन्हा दिसतो. आम्ही चार लांब्या घेतल्या: 62, 74, 86 आणि 94. दोन फ्रेमला एक चित्र या हिशेबाने त्या 31, 37, 43 आणि 47 घरांच्या होतात, आणि या सगळ्या मूळ संख्या आहेत. 62 आणि 74 चे लूप पुन्हा जुळायला 2294 फ्रेम लागतात, म्हणजे साधारण 95 सेकंद. तुमचा पूर्ण प्रसंगही तेवढा नाही. चारही लांब्या एकत्र घेतल्या तर प्रसंगात ते कधीच जुळत नाहीत. एक चित्रही न वाढवता, फक्त थांबण्याच्या फ्रेम कमीजास्त करून हे साधतं. सम आकडा मात्र ठेवा, नाहीतर दोन फ्रेमचं चित्र लूपच्या टोकाला एकाच फ्रेमचं होतं आणि तिथे बारीक झटका दिसतो.

आणखी एक सोय आहे. तुमचे बहुतेक शॉट तीन-चार सेकंदांचे असतील, म्हणजे 72 ते 96 फ्रेमचे. 94 चा लूप अशा शॉटमध्ये जेमतेम एकदा पूर्ण होतो. प्रेक्षकाच्या दृष्टीने तो लूप नाहीच. म्हणून लांब लूप लक्ष जाईल अशा जागी ठेवा आणि छोटे कडेला.

चालणाऱ्यांबद्दल. सगळ्यांना एकच 24 फ्रेमची सायकल लावून फक्त सुरुवात पुढेमागे केली तर काय होतं? दोन माणसांच्या पावलांमधलं अंतर शॉटभर तेवढंच राहतं. एकाचं डोकं वर जातं तेव्हा दुसऱ्याचं दर वेळी खाली. वेगवेगळ्या क्षणी सुरू झालेली कवायत ती, पण कवायतच. लांबीच वेगळी हवी. सुदैवाने त्यासाठी नवी चित्रं लागत नाहीत. 24 फ्रेमच्या सायकलमध्ये 12 चित्रं असतात. ज्या दोन चित्रांत टाच जमिनीला टेकते ती दोन 2 ऐवजी 4 फ्रेम ठेवली की सायकल 28 ची होते. त्यांच्या लगेच पुढची दोन चित्रंही 4 फ्रेम ठेवली की 32 ची. एका सायकलमधून तीन चाली मिळतात, आणि 24, 28, 32 या तिघी एकत्र जुळायला 672 फ्रेम, म्हणजे 28 सेकंद, लागतात. जवळच्या माणसावर हे करू नका, पाऊल अडखळल्यासारखं दिसतं. मधल्या आणि लांबच्या पट्ट्यात ते संथ चालणं वाटतं. ओझं घेतलेल्या माणसाची सायकल मात्र वेगळीच काढावी. त्याचं अंग पुढे झुकतं आणि पावलं आखूड पडतात. रिकाम्या माणसाच्या पायांवर गाठोडं ठेवलं की ते लगेच खोटं वाटतं.

पाय घसरणं हा दुसरा मोठा दोष. जागच्या जागी चालणाऱ्या सायकलमध्ये टेकलेली टाच प्रत्येक चित्रात किती मागे जाते ते मोजा. आमच्या साधारण माणसाची दोन पावलं मिळून 300 पिक्सेल होती. 12 चित्रांत 300, म्हणजे प्रत्येक चित्राला 25 पिक्सेल. माणसाला पुढे न्यायचं ते चित्र बदलेल तेव्हाच, 25 पिक्सेलने. प्रत्येक फ्रेमला साडेबारा पिक्सेल सरकवलं तर चित्र थांबलेलं असताना माणूस पुढे जातो आणि पाय बर्फावर असल्यासारखा घसरतो. सरकणं फ्रेमला नाही, चित्राला बांधलं की वर सांगितलेल्या 28 आणि 32 च्या चालीही आपोआप बरोबर बसतात: चित्र थांबलं की माणूसही थांबतो. माणूस 80 टक्के आकाराचा केला तर प्रत्येक चित्राचं सरकणंही 20 पिक्सेलचं होतं. हे विसरायला नको म्हणून चालणं आणि पुढे जाणं दोन्ही एका कॉम्पमध्ये पूर्ण आकारात करा आणि मग तो कॉम्प लहान करा. त्यातही 80 च्या खाली आणि 115 च्या वर मी जात नाही. रेषेची जाडी बदलते आणि एकाच फलाटावर दोन वेगवेगळ्या पेनांनी काढलेली माणसं दिसू लागतात. त्यापुढे दुसऱ्या आकाराचा संच काढणं बरं.

आणि जिथे जमेल तिथे पाय झाका. पुढे बाक, सामानाची गाडी, ट्रंकांचा ढीग ठेवा. आमच्या नऊ चालणाऱ्यांपैकी पाचांचे पाय गुडघ्याखाली दिसतच नव्हते. लेआउट करणाऱ्याने बाकांची रांग दोन बोटं वर घेतली आणि पाय दुरुस्त करायचे दोन दिवस वाचले.

आफ्टर इफेक्ट्स वापरत असाल तर प्रत्येक प्रतीची सुरुवात हाताने सरकवत बसू नका. लूपच्या कॉम्पवर टाइम रिमॅप चालू करा, लेअरला एक स्लायडर लावा आणि रिमॅपवर हे लिहा:

```
n = 62;
s = effect("Slider Control")("Slider");
f = timeToFrames(time) + Math.round(s);
framesToTime(f % n);
```

पहिल्या ओळीत लूपची लांबी, आणि स्लायडरमध्ये ती प्रत किती फ्रेम पुढून सुरू करायची तो आकडा, शून्य किंवा अधिक, आणि लूपमधलं प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकत असल्याने समच. नेहमीच्या `loopOut("cycle")` ने बऱ्याचदा लूपच्या शेवटी एक फ्रेम रिकामी चमकते, कारण टाइम रिमॅपची शेवटची की शेवटच्या चित्राच्या एक फ्रेम पुढे असते. वरच्या ओळींत गणना n च्या आतच फिरते, त्यामुळे ती अडचण येत नाही. सुरुवातीचा फरक लेअरच्या क्रमांकावरून काढायचा मोहही होतो, तो टाळा. एक लेअर वरखाली केला की सगळ्यांचे क्रमांक बदलतात आणि मंजूर झालेला शॉट दुसऱ्या दिवशी वेगळाच दिसतो. आमचा असा एक शॉट पुन्हा पाहून मंजूर करून घ्यावा लागला होता.

आता लक्षात राहणाऱ्या हालचालींबद्दल. डोकं खाजवणं, घड्याळ बघणं, जांभई देणं, मुलाने उडी मारणं, हे लूपमध्ये कधीही घालू नका. लूपमध्ये फक्त अशीच हालचाल असावी जी बघणाऱ्याला सांगता येणार नाही. पहिल्या खेपेला आमच्या एका उभ्या माणसाच्या लूपमध्ये डोकं खाजवणं होतं. 11 सेकंदांत त्याने ते चारदा केलं, आणि त्याच्या दोन प्रतींनीही केलं. निर्मात्याने पहिल्याच वेळी बोट ठेवलं ते तिथेच. पण अशा हालचाली नसतील तर गर्दी निर्जीव होते. म्हणून त्या एकदाच घडणाऱ्या म्हणून वेगळ्या करायच्या, मूळ मुद्रेतून निघून मूळ मुद्रेत परतणाऱ्या, आणि छोट्या शॉटमध्ये एक किंवा दोनच वापरायच्या. आम्ही पाच केल्या, प्रत्येकी साधारण दहा चित्रांच्या. मोठ्या शॉटमध्ये तीन लावल्या: दुसऱ्या सेकंदाला उजवीकडे एक बाई ट्रंकेवर बसते, सहाव्याला मधोमध एक जण घड्याळ बघतो, नवव्याला डावीकडे मूल आईचा हात ओढतं. प्रेक्षकाला वाटतं सगळीकडे काहीतरी चाललंय. प्रत्यक्षात तीनच जण वेगळं काही करतात. या हालचालींची जागा मुख्य पात्राच्या वाक्यांच्या मधल्या पोकळीत ठेवा, वाक्य चालू असताना नको. नाहीतर लक्ष तिकडे जातं.

मांडणीबद्दल थोडंच सांगते, पण हे फुकटात मिळतं. माणसं समान अंतरावर ठेवू नका. फलाटावर दोघं-तिघं एकत्र उभी असतात आणि मध्येच मोकळी जागा असते. एकाच पात्राच्या दोन प्रती एकाच खोलीवर आणि एकाच दिशेला तोंड करून नकोत, आणि फ्रेमच्या एक तृतीयांशापेक्षा जवळ तर नकोतच. आरशासारखं उलटवून प्रत वाढवता येते, पण आधी शर्टावरची अक्षरं, एका खांद्यावरची पिशवी आणि एका बाजूने पडलेला उजेड बघा. आम्ही म्हणून मागच्या पात्रांवर सावलीचा वेगळा थर ठेवतो आणि उलटवताना तो उलटवत नाही. चालणाऱ्यांच्या वाटा सगळ्या आडव्या असतील तर सरकता पट्टा वाटतो. दोन-तीन जण तिरके जाऊ द्या, एक जण खांबामागे जाऊ द्या आणि पलीकडून दुसराच बाहेर येऊ द्या. सोबत चालणाऱ्या दोघांना मात्र एकाच लांबीची सायकल द्या, दोन-चार फ्रेमच्या फरकाने. सोबती एकमेकांच्या पावलाशी जुळवून घेतात. तिथे ताल वेगळा ठेवला तर ते सोबत आहेत असं वाटत नाही.

शॉट बदलतानाही एक तक्ता ठेवा. लाल टोपीवाला तिसऱ्या शॉटमध्ये डाव्या टोकाला आणि चौथ्यात उजव्या टोकाला दिसला तर तो उडत गेल्यासारखा वाटतो. टोपी काढा, रंग बदला, किंवा सलग दोन शॉटमध्ये तो घेऊच नका.

मग गाडी येते. इथे लूप तुटतो. सगळी माणसं एकाच फ्रेमला वळली तर ती बाहुल्या वाटतात. पण मूळ मुद्रा असल्यामुळे हे अवघड नाही. प्रत्येक पात्रासाठी मूळ मुद्रेतून मान आणि खांदे वळवायची चार चित्रं काढा. सात पात्रांची 28. मग प्रत्येक प्रतीला सूचना मिळण्याची फ्रेम वेगळी द्या. गाडी ज्या बाजूने येते त्या टोकाची माणसं आधी, मग मधली, मग दुसऱ्या टोकाची, सगळं मिळून 18 ते 20 फ्रेममध्ये. ही लाट मोजून सरळ लावू नका, जवळच्यातला एखादा उशिरा वळू द्या आणि लांबचा एखादा आधी. लूप मूळ मुद्रेत येईल तेव्हाच वळणं सुरू करता येतं, हा प्रश्न इथे येतो. आम्ही त्यासाठी वळण्याच्या फ्रेमपासून मागे मोजत गेलो. ज्याला शॉटच्या 140 व्या फ्रेमला वळायचं आहे त्याचा लूप 140 व्या फ्रेमला मूळ मुद्रेत असेल असा स्लायडरचा आकडा ठेवला. सुरुवात कुठून होते याची फिकीर केली नाही, ती कुणी बघत नाही. चालणाऱ्यांसाठी सगळ्यांना थांबवायची गरज नाही. ज्याचं पाऊल टेकलं आहे त्याला थांबवून वळवा, बाकीचे चालत राहू द्या. आणि पाचातला एक वळूच नये. एखादी म्हातारी पिशवीत काहीतरी शोधत राहते, एखादं मूल दुसरीकडेच बघतं. त्या न वळणाऱ्यांमुळे बाकीचे वळले हे खरं वाटतं.

चित्रांचा हिशेब असा झाला. तीन पात्रांच्या चालण्याची 36 आणि ओझेवाल्याची 14, मिळून 50. उभ्याचे लूप आणि त्यांचा एकेक बदल, सात पात्रांना प्रत्येकी 9, म्हणजे 63. एकदाच घडणाऱ्या हालचाली 50. वळण्याची 28. एकूण 191, आणि ही नऊही शॉटना पुरली. फक्त त्या मोठ्या शॉटमधले 18 जण स्वतंत्र काढले असते, प्रत्येकाला 132 चित्रं धरून, तर 2376 झाली असती. असं कुणी करत नाही, हे खरं, पण चित्रं पुन्हा वापरून नेमकं किती वाचतं ते त्यावरून कळतं. ही युक्ती जुनी आहे. 1961 साली डिस्नेच्या 101 कुत्र्यांच्या चित्रपटात पेन्सिलीची चित्रं झेरॉक्सने थेट सेलवर उतरवली गेली आणि पिल्लांच्या छोट्या गटांच्या प्रती काढून पडदा भरला गेला.

झालं की तपासायचं कसं? मी तीन गोष्टी करते. मुख्य पात्राचा लेअर बंद करून शॉट बघते, कारण लपलेले दोष तेव्हा उघडे पडतात. मग तो चौपट वेगाने चालवते. वेगात लूपचा ठेका ढोलासारखा ऐकू आल्यासारखा दिसतो आणि कोणती दोन माणसं जुळली आहेत ते लगेच कळतं. शेवटी डोळे बारीक करून, चित्र धूसर करून बघते. धूसर चित्रातही एखादी जागा सारखी लुकलुकत असेल तर तिथे एकतर फार गडद-फिका रंग हलतोय किंवा एखाद्या लूपचं टोक नीट जुळलेलं नाही. ते टोक तपासायला लूपची शेवटची आणि पहिली फ्रेम एकावर एक ठेवून पुढेमागे करा. पूर्ण नवी मुद्रा दिसली तर तिथे उडी आहे, आणि अगदी तेच चित्र दिसलं तर ते दोनदा मोजलं गेलं आहे. मूळ मुद्रा मुद्दाम थांबवून ठेवली असेल तिथे हे दुसरं चालतं, पण चालण्याच्या सायकलमध्ये त्याने दर दोन पावलांनी एक क्षण अडकल्यासारखा वाटतो. तुमच्या कवायतीत हाही एक भाग असू शकतो.

तुमच्याकडे पात्रं आणि सायकल तयार आहेत, म्हणून नव्याने सुरू करू नका. आधी मधल्या पट्ट्यातल्या उभ्यांपैकी निम्म्यांना सरळ स्थिर करा आणि शॉट बघा. मग उरलेल्यांच्या थांबण्याच्या फ्रेम बदलून लूप 62, 74, 86, 94 करा. मग चालणाऱ्यांच्या सायकल 28 आणि 32 करा, सरकणं चित्राला बांधा. इथपर्यंत नवीन एकही चित्र लागलेलं नाही आणि दोन माणसांचं दीड दिवसाचं काम आहे. त्यानंतर उरलेला वेळ एकदाच घडणाऱ्या तीन-चार हालचालींना आणि वळण्याच्या चित्रांना द्या. गाडीच्या शॉटचा लेआउट आणि तिथे कोण कुठे उभं आहे हे सांगितलंत तर कोणाला कोणत्या फ्रेमला वळवायचं याची यादी करून देते.